फॉरवर्ड आलेला चॅटचा स्क्रीनशॉट: खरा, खोटा की अर्धाच?

निवडणूक असो, सोसायटीची एजीएम असो नाहीतर नात्यातलं भांडण, आजकाल पुरावा म्हणून सगळ्यात आधी फिरतो तो व्हॉट्सॲप चॅटचा स्क्रीनशॉट. तो आला की ग्रुपमधे दोन तट पडतात, एक म्हणतो बघा रंगेहाथ पकडला, दुसरा म्हणतो फोटोशॉप आहे, आणि दोघांनीही तो फोटो दहा सेकंदांच्या वर बघितलेला नसतो.

मला जे सांगायचंय ते असं, की नुसत्या चित्रावरून स्क्रीनशॉट खोटा आहे हे कधीकधी सिद्ध करता येतं, पण खरा आहे हे कधीच सिद्ध होत नाही. चूक सापडली नाही याचा अर्थ फक्त चूक सापडली नाही एवढाच. आणि माझ्या मते जास्त घात करतात ते बनावट स्क्रीनशॉट नाहीतच, तर शब्द न् शब्द खरा असलेले पण वरचं खालचं कापून पाठवलेले.

एक उदाहरण घेऊन नीट बघू. माणसं कल्पनेतली आहेत, पण असे स्क्रीनशॉट तुम्ही पाहिले असणारच.

सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक फोटो

फोटोत वर नाव दिसतंय "सेक्रेटरी बी विंग". त्याखाली तीन मेसेज.

डावीकडे, 7:42: "आज पावती देऊ नका"
डावीकडे, 7:43: "कॅश मीच घेतो"
उजवीकडे, 7:51, दोन निळ्या टिक: "ओके साहेब"

खाली पाठवणाऱ्याने लिहिलंय, मेंटेनन्सचा पैसा कुठे जातो ते आता कळलं का सगळ्यांना. अर्ध्या तासात ग्रुप पेटला.

आता सावकाश बघा. पहिला प्रश्न, हा फोटो कुणाच्या फोनवरून काढलाय? व्हॉट्सॲपमधे ज्याचा फोन त्याचे मेसेज उजवीकडे, सहसा हिरवट रंगात आणि टिकसकट दिसतात, समोरच्याचे डावीकडे आणि बिनटिकचे. म्हणजे हा फोटो सेक्रेटरींचा नाही, "ओके साहेब" म्हणणाऱ्याचा आहे, आणि बोलण्यावरून तो सोसायटी ऑफिसमधला मॅनेजर असावा. हे आधी ठरवायचं कारण पुढचे सगळे प्रश्न त्यालाच विचारायचे आहेत, फॉरवर्ड करणाऱ्याला नाही.

दुसरं, फोटोच्या कडा बघा. पूर्ण स्क्रीनशॉटमधे वर फोनचं घड्याळ आणि बॅटरीची पट्टी असते आणि खाली मेसेज टाइप करायची चौकट असते. आपल्या फोटोत वर 9:16 वाजलेले दिसतायत पण खाली टायपिंगची चौकट नाहीच, म्हणजे खालून कापलाय. कापणं हा गुन्हा नाही, लोक सहज कापतात, पण "ओके साहेब" हा शेवटचा मेसेज होता असं आता म्हणता येत नाही. त्या चौकटीच्या वर कधीकधी खाली जायचा एक गोल बाण दिसतो, तो असला तर खाली अजून मेसेज आहेत हे नक्की. इथे तो भागच उडवलाय.

तिसरी गोष्ट फारच थोड्या लोकांच्या लक्षात येते. अँड्रॉइडवर एकाच माणसाचे मेसेज सलग आले तर त्यातल्या फक्त पहिल्या फुग्याला कोपऱ्यात छोटं शेपूट असतं, पुढच्यांना नसतं. (आयफोनवर शेपटाची जागा वेगळी असते, त्यामुळे आधी फोन कुठला ते बघा.) आपल्या फोटोत 7:42 चा मेसेज सगळ्यात वर आहे आणि त्याला शेपूट नाही. म्हणजे त्याच्या वर सेक्रेटरींचाच अजून किमान एक मेसेज आहे, जो स्क्रोल करून वर ढकललाय.

चौथं, तारीख. फोटोत तारखेची पट्टी कुठेच नाही. 9:16 ही स्क्रीनशॉट काढल्याची वेळ आहे, तो त्याच संध्याकाळी काढलाय की आठ महिन्यांनी हे कळायला मार्ग नाही. आणि तारखेच्या पट्टीवर "आज" लिहिलेलं असलं तरी ते फोटो काढला त्या दिवसाचं "आज", तुमच्यापर्यंत फोटो पोचला त्या दिवसाचं नाही.

एवढं सगळं एडिटिंगचा संशयसुद्धा न घेता कळलं. आता मॅनेजरच्या फोनवरचं पूर्ण बोलणं असं होतं असं समजा. 7:38 ला मॅनेजर लिहितो, साहेब पावतीपुस्तक संपलं, साध्या कागदावर लिहून देऊ का. 7:41 ला सेक्रेटरी, साध्या कागदावर नको, ऑडिटला चालत नाही. मग आपले तीन मेसेज. आणि 7:52 ला सेक्रेटरी, उद्या पुस्तक आलं की सगळ्यांच्या पावत्या फाडू, आत्ता रजिस्टरला नावं लिहून ठेवा. फोटोतला एकही शब्द खोटा नव्हता, फक्त आधीचा प्रश्न आणि नंतरची सूचना गायब होती आणि एका सरळ माणसाची चोर म्हणून वरात निघाली.

शब्दच बदलले असतील तर?

आता समजा कुणीतरी अजून पुढे गेला आणि पहिल्या मेसेजमधला "आज" खोडला. राहिलं "पावती देऊ नका". अर्थ पार बदलला. हे पकडता येतं का?

कधीकधी येतं. व्हॉट्सॲपचा फुगा मजकुराच्या मापाचा असतो, मजकूर छोटा तर फुगा छोटा, आणि वेळ मजकुराला लागूनच उजवीकडे खाली बसते. फोटोतून शब्द पुसला तर फुगा आधीच्याच मापाचा राहतो आणि एका बाजूला विचित्र रिकामी जागा दिसते, किंवा पुढचे शब्द ओढून बसवले तर शब्द आणि वेळ यात फट पडते. वाढवलेल्या मजकुराचं उलटं, तो फुग्याच्या कडेला चिकटतो किंवा ओळ नको तिथे तुटते.

मराठीत अजून एक फायदा आहे. एका फोनवर एका ॲपमधे देवनागरी एकाच फॉन्टमधे दिसते, त्यामुळे एकाच स्क्रीनशॉटमधे दोन वळणांचे "ल" किंवा "श" दिसले, एका ओळीची शिरोरेषा जाड आणि दुसरीची बारीक दिसली, तर तिथे झूम करून बघाच. बनवणाऱ्याने मजकूर दुसऱ्या ॲपमधे टाइप करून चिकटवलेला असतो.

वेळांचा क्रमही बघा. वरच्या घड्याळात 9:16 आणि मेसेज त्याच दिवसाचा 9:40 चा असेल तर कथा तिथेच संपली. एक मेसेज 7:42 आणि पुढचा 19:43 असा दोन पद्धतींत असेल तरी तेच, कारण बारा तासांचं घड्याळ की चोवीस तासांचं हे फोनच्या सेटिंगवर ठरतं आणि सगळ्या मेसेजना सारखंच लागू होतं.

पण यात एक मोठी मर्यादा आहे आणि ती लपवून उपयोग नाही. हे सगळं आळशी बनावटीला लागू पडतं. खोटं चॅट बनवून देणारी ॲप्स फुकट मिळतात, त्यात नाव, डीपी, वेळ, टिक सगळं भरलं की नीटनेटका फोटो तयार, फुगे अगदी मापात. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडलं तर ब्राउझरमधेच पानावरचा मजकूर तात्पुरता बदलून बघायची सोय असते, ती वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी दिलेली आहे, पण तिने कुणाच्याही मेसेजमधे काहीही लिहून स्क्रीनशॉट काढता येतो. तिथे फॉन्ट तोच, फुगाही आपोआप मापाचा, पिक्सेलमधे शोधून काही सापडणार नाही. पान पुन्हा लोड केलं की मूळ मजकूर परत, पण स्क्रीनशॉट तोवर गावभर.

पण वर नाव आणि डीपी तर त्याचाच आहे!

नाव हा तर सगळ्यात कच्चा पुरावा. स्क्रीनशॉटमधे वर दिसणारं नाव फोनच्या मालकाने स्वतः सेव्ह केलेलं असतं. मी माझ्याच दुसऱ्या सिमचा नंबर "सेक्रेटरी बी विंग" म्हणून सेव्ह केला, त्या नंबरवर त्यांच्या प्रोफाइलवरून घेतलेला फोटो डीपी म्हणून लावला आणि दोन्ही फोन हातात घेऊन स्वतःशीच गप्पा मारल्या, तर तयार होणारा स्क्रीनशॉट शंभर टक्के खरा चॅट असेल. त्यात एकही पिक्सेल बदललेला नसेल, निळ्या टिकही खऱ्या असतील कारण मेसेज खरंच पोचलाय आणि खरंच वाचलाय. फक्त वाचणारा मीच.

म्हणून नाव बघू नका, नंबर मागा. चॅटमधे वरच्या नावावर टॅप केलं की नंबर दिसतो. तो त्या माणसाच्या नेहमीच्या नंबराशी जुळवा, शेवटचे चार आकडे नाही, पूर्ण दहा.

बदललेला मेसेज ॲप दाखवतंच ना?

थोडं दाखवतं, आणि नेमकं काय दाखवत नाही ते कळलं पाहिजे. मे 2023 पासून व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो आणि त्याच्या वेळेशेजारी "एडिटेड" असं लिहून येतं, पण आधी काय लिहिलं होतं ते समोरच्याला दिसत नाही. आता आपल्या उदाहरणात विचार करा, मॅनेजरने "ओके साहेब" पाठवलं आणि सेक्रेटरींनी त्यानंतर वरचा मेसेज बदलला, तर मॅनेजरने भलत्याच गोष्टीला ओके म्हटल्यासारखं दिसेल. त्यामुळे स्क्रीनशॉटमधे "एडिटेड" दिसलं तर खालची उत्तरं त्याच मजकुराला आहेत असं गृहीत धरू नका.

डिलीटचे दोन प्रकार आहेत आणि खरी गोम इथे आहे. "सगळ्यांसाठी डिलीट" केलं की दोन्हीकडे "हा मेसेज डिलीट केला" अशी खूण राहते. पण "फक्त माझ्यासाठी डिलीट" केलं तर माझ्या फोनवर काहीच खूण राहत नाही, वरचा आणि खालचा मेसेज एकमेकांना चिकटतात, आणि असं मी समोरच्याने पाठवलेल्या मेसेजचंही करू शकतो. म्हणजे 7:38, 7:41 आणि 7:52 चे मेसेज मॅनेजरने आपल्या फोनवरून उडवले तर स्क्रीनशॉट कापायचीसुद्धा गरज नाही, शेपूटही पुढच्या मेसेजला बरोबर लागतं. स्क्रोल करून व्हिडिओ दाखवला तरी तो तेवढंच दाखवणार.

तरी एक माग कधीकधी उरतो. एखाद्या मेसेजला स्वाइप करून उत्तर दिलं असेल तर त्या उत्तराच्या वर मूळ मेसेजचा तुकडा छापून येतो. असा तुकडा दिसला पण मूळ मेसेज चॅटमधे कुठेच सापडत नाही, तर तो वर खूप लांब आहे किंवा उडवलाय, दोन्हीपैकी काय ते विचारा.

खरी तपासणी दुसऱ्या फोनवर

हे समजायला किराणा दुकानाच्या उधारीची वही आठवा, एक वही वाण्याकडे आणि एक आपल्या घरी, प्रत्येक वेळी दोन्हीकडे नोंद. कुणी आपल्या वहीतलं पान फाडलं तरी दुसऱ्या वहीतलं राहतं. व्हॉट्सॲपचं अगदी तसंच आहे, चॅटची एक प्रत तुमच्या फोनवर आणि एक समोरच्याच्या, आणि पोचलेला मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर ठेवला जात नाही, शिवाय मेसेज कुलूपबंद जातो त्यामुळे मधे कंपनीलाही वाचता येत नाही. म्हणून कंपनीला विचारून खरं काय ते कळेल ही आशा सोडा. "फक्त माझ्यासाठी डिलीट" दुसऱ्याच्या वहीपर्यंत पोचत नाही, ब्राउझरमधे केलेली फेरफार तर कुठल्याच वहीत नसते.

त्यामुळे आपल्या प्रकरणात करायचं काय, तर सेक्रेटरींना म्हणायचं, साहेब तुमच्या फोनवर तोच चॅट उघडा, त्या दिवसाच्या सकाळपासून रात्रीपर्यंत स्क्रोल करा, आणि मॅनेजरलाही समोर बसवून त्याच्या फोनवर तेच करायला सांगायचं. दोन्हीकडे 7:38 ते 7:52 जुळलं तर बोलणं मिटलं. एकीकडे एक मेसेज जास्त निघाला तर प्रश्न त्याला विचारायचा ज्याच्याकडे तो कमी आहे. पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून त्याची माहिती उघडली तर तो कधी पोचला आणि कधी वाचला हेही दिसतं, वाचल्याची खूण बंद ठेवली नसेल तर.

आणि चॅटच्या बाहेरही बघा. आरोप पावतीचा आहे ना, मग पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती आणि कॅशबुक काढा. दुसऱ्या दिवशीच्या तारखेने त्या सगळ्यांच्या पावत्या फाडलेल्या असतील आणि तेवढीच रक्कम जमा दिसत असेल तर स्क्रीनशॉटने काय दाखवलं याला फारसा अर्थ राहत नाही. नसतील, तर प्रकरण खरंच गंभीर आहे आणि उपनिबंधकांकडे जायला त्या स्थळप्रतीच कामाला येतील, फॉरवर्ड नाही.

पण दोघांच्या स्क्रीनशॉटमधे वेळच वेगळी आहे, म्हणजे एक खोटाच

थांबा, हे दरवेळी खरं नाही. व्हॉट्सॲप मेसेजची वेळ ज्याच्या फोनवर बघतोय त्याच्या देशाच्या घड्याळाप्रमाणे दाखवतं. सोसायटीतला एखादा फ्लॅटमालक दुबईत असेल तर पुण्यात 7:42 ला पडलेला ग्रुपवरचा मेसेज त्याच्याकडे 6:12 ला दिसणार, कारण तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. फरक प्रत्येक मेसेजला सारखाच दीड तासाचा असेल तर काळजीचं काही नाही. एका मेसेजला दीड तास आणि दुसऱ्याला दोन तास असेल तर मात्र गडबड आहे.

फोटो तपासणाऱ्या साइटवर टाकून कळत नाही का?

फोटोच्या फाइलमधे तो कधी, कशावर काढला ही लपलेली माहिती असते, तिला मेटाडेटा म्हणतात. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की ही माहिती निघून जाते आणि फोटो दाबून लहान केला जातो. पाच ग्रुप फिरून आलेल्या फोटोवर एवढे थर चढलेले असतात की फेरफार शोधणाऱ्या साइट्स खऱ्या फोटोतही डाग दाखवतात आणि खोट्यातला सोडून देतात. त्या रंगीत नकाशांवरून कुणावर आरोप करू नका. तपासायचंच असेल तर ज्याने स्क्रीनशॉट काढला त्याच्याकडून मूळ फाइल "डॉक्युमेंट" म्हणून मागवा, तशी पाठवली तर ती जशीच्या तशी येते. आणि तो म्हणाला मूळ फाइल नाही, मलाही फॉरवर्डच आलाय, तर निदान साखळी कुठे तुटते ते तरी कळलं.

कोर्टात तर स्क्रीनशॉट चालतात म्हणे

चालतात, पण तसेच्या तसे नाही. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीच्या वादात, म्हणजे अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात, सुप्रीम कोर्टाने जुलै 2020 मधे स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत कायद्यात सांगितलेलं सर्टिफिकेट लागतं, आणि मूळ उपकरणच त्याच्या मालकाने कोर्टात येऊन हजर केलं तर त्याची गरज नाही. म्हणजे कोर्टसुद्धा आधी मूळ फोन कुठे हेच विचारतंय. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मधे हे सर्टिफिकेट दोन भागांत आहे, एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेली एक लांबलचक खूण, फाइलमधे एक ठिपका बदलला तरी ती पूर्ण बदलते. पण लक्षात घ्या, हॅश एवढंच सांगतो की खूण काढल्यानंतर फाइल बदलली नाही. फाइल मुळातच अर्धवट बोलण्याची असेल तर हॅश त्या अर्धवट बोलण्याचाच.

मग तोवर काय करायचं?

असा फोटो आला की पाठवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा, हा कुणाच्या फोनवरून काढला, याच्या वरचे आणि खालचे मेसेज आहेत का, आणि तारीख कोणती. भांडायचं नाही, नुसतं विचारायचं. ज्याच्याकडे उत्तरं आहेत तो देतो. उत्तर न देता "सगळीकडे फिरतोय" असं म्हणाला तर तो फोटो तुमच्याकडून पुढे जाऊ देऊ नका.

आणि तुमच्याच नावाचा असा फोटो फिरत असेल तर रागाच्या भरात चॅट उडवू नका, नंबर ब्लॉक करून "क्लिअर चॅट" तर अजिबात नको, कारण तुमची वही हाच तुमचा बचाव आहे. नवीन फोन घेताना जुना लगेच एक्स्चेंजला देऊ नका. त्या चॅटला गायब होणाऱ्या मेसेजची सेटिंग चालू आहे का ते आधी बघा, ती 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांची असते आणि आत्ता बंद केली तरी फक्त पुढचे मेसेज टिकतात, आधीचे ठरलेल्या वेळी जाणारच. त्यामुळे महत्त्वाच्या मेसेजवर बोट दाबून ते चॅटमधे राखून ठेवा. पाठवणारा ते नाकारू शकतो, म्हणून त्याच बैठकीत दुसऱ्या फोनने तुमच्या फोनचा व्हिडिओ काढून घ्या, आधी नावावर टॅप करून नंबर दाखवायचा आणि मग तारखेच्या पट्टीपासून खाली, न थांबता, शेवटच्या मेसेजपर्यंत.